आधी नातं, मग आकडे

‘प्रश्नात दिलेल्या किमती आधी सूत्रात टाका, मग डेरिव्हेटिव्ह काढा, गणित निम्म्या ओळींत सुटतं.’ जठारपेठेतल्या शिकवणी वर्गांमधून फिरणाऱ्या एका सरावपत्रिकेच्या माथ्यावर हा उपदेश चौकटीत छापलेला आहे. बारावीच्या ‘अवकलजाचे उपयोग’ या प्रकरणातली बदलत्या दरांची गणितं, म्हणजे भरणारी टाकी, फुगणारा फुगा, या एका चौकटीच्या जोरावर सोडवायची असा तिचा आग्रह आहे. पत्रिका कोणाची, याच्याशी मला कर्तव्य नाही. हे मत मात्र खोडून काढलंच पाहिजे, कारण त्याने मुलांना चुकीचं उत्तर बरोबर वाटायला लागतं.

प्रतिपक्षाचं म्हणणं असं. सीईटीत गणिताचे पन्नास प्रश्न नव्वद मिनिटांत सोडवायचे, म्हणजे प्रश्नाला दोन मिनिटंही मिळत नाहीत. मुलांना अक्षरांची भीती वाटते, आकडे दिसले की धीर येतो. नातं मांडणं, आकृती काढणं हे बोर्डाच्या पेपरचे सोपस्कार; बहुपर्यायी प्रश्नांत पायऱ्यांना गुण नसतात. आणि शेवटचा हुकमी एक्का: ‘आमच्या मुलांची उत्तरं येतात.’

भीतीचं उत्तर एका ओळीत देतो: अक्षरांची भीती अक्षरं लपवून जात नाही. सोपस्कारांचंही एका ओळीत: आकृती गुणांसाठी नसते, काय हलतंय आणि काय जागच्या जागी आहे हे दिसावं म्हणून असते. वेळेच्या मुद्द्याकडे शेवटी येतो. ‘उत्तरं येतात’ हा दावा मात्र सोडायचा नाही, कारण सगळं पाणी तिथेच मुरतंय.

आधी शिडी घेऊ. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकलेली आहे. तिचा पाय भिंतीपासून सेकंदाला ०.४ मीटर वेगाने दूर सरकतोय. पाय ३ मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतं? पायाचं अंतर x आणि टोकाची उंची y मानली, तर नातं असं:

x² + y² = 25

चौकटीतला उपदेश पाळून x च्या जागी आधीच ३ टाकला, तर 9 + y² = 25 उरतं. आता अवकलन केलं की dy/dt शून्य येतो. पाय सरकतोय आणि टोक जागचं हलत नाही! हे पाहून कोणताही विद्यार्थी थबकतो. नातं तसंच ठेवून अवकलन केलं, तर x·dx/dt + y·dy/dt = 0 मिळतं. मग x = 3, y = 4 टाकले की टोक सेकंदाला ०.३ मीटर खाली येतं. या गणितात पत्रिकेचा उपाय इतका उघडा पडतो की तिने शिडीचं गणित ‘वेगळ्या पद्धतीचं’ म्हणून बाजूला काढलं आहे. पद्धत वेगळी का लागते, याचा खुलासा तिच्यात कुठेही नाही.

शिडी निदान चूक ओरडून सांगते. खरा धोका आहे तो चूक मुकाट राहते तिथे. त्यासाठी वऱ्हाडातल्या कोणत्याही मुलाने पाहिलेलं शेततळं घेतो. तोंड ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, बाजूंचा उतार एकास एक, म्हणजे तळ २४ मीटर बाय २४ मीटर. पंपाने त्यात सेकंदाला १० लिटर पाणी पडतंय, म्हणजे तासाला ३६ घनमीटर. पाणी १ मीटर खोल असताना पातळी तासाला किती चढते?

पाण्याची खोली h आणि पाण्याच्या पृष्ठभागाची बाजू s मानू. छिन्न पिरॅमिडच्या घनफळाचं सूत्र असं:

V = (h/3)(24² + 24s + s²)

खोली १ मीटर असताना s = 26. पत्रिकेप्रमाणे इथेच २६ टाकला, तर कंसात १८७६ येतात आणि V = 625.33h असं सुटसुटीत सूत्र मिळतं. अवकलन करून ३६ ला ६२५.३३ ने भागा: पातळी तासाला ५.७६ सेंटीमीटर चढते. उत्तर शून्य नाही, उणे नाही, एकक बरोबर आहे, आकडाही अगदी पटण्याजोगा. मुलगा समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळतो.

आणि उत्तर चुकलेलं असतं. पाणी चढतं तसा पृष्ठभागही पसरतो; खोली एक मीटर वाढली की बाजू दोन मीटरने वाढते, म्हणजे s = 24 + 2h. हे नातं प्रत्येक क्षणी खरं आहे. २६ हा आकडा फक्त एका क्षणापुरता खरा आहे. तो आधीच टाकला की s बदलतोय ही गोष्टच समीकरणातून पुसली जाते. नुकसान नेमकं किती होतं, तेही मोजता येतं. V च्या सूत्राचं s आणि h दोन्ही बदलतात असं धरून अवकलन करा. गुणाकाराच्या नियमाने दोन पदं येतात. पहिलं (1/3)(24² + 24s + s²), म्हणजे ६२५.३३. दुसरं (h/3)(24 + 2s)·2, म्हणजे ५०.६७. पत्रिकेची पद्धत हे दुसरं पद गिळून टाकते. दोन्हींची बेरीज ६७६, आणि ३६ भागिले ६७६ म्हणजे तासाला ५.३३ सेंटीमीटर.

ताळा घ्यायचा तर तो शेततळ्याच्या काठावर उभं राहून घेता येतो. त्या क्षणी पाण्याचा पृष्ठभाग २६ × २६ म्हणजे ६७६ चौरस मीटर आहे. पातळी एक सेंटीमीटर चढायला या सगळ्या पृष्ठभागावर एक सेंटीमीटर जाडीचा थर बसायला हवा, म्हणजे ६.७६ घनमीटर पाणी. तासाला ३६ घनमीटर येतंय, तेव्हा ५.३३ सेंटीमीटरच चढणार. पत्रिकेचं उत्तर खरं ठरायला पृष्ठभाग ६२५ चौरस मीटरच असायला हवा, आणि तो तेवढा नाही हे त्याच गणितात दिलेलं आहे.

मग हे ६२५ आले कुठून? ती तळापासून एक मीटरपर्यंतच्या सगळ्या थरांच्या क्षेत्रफळांची सरासरी आहे. आधी किंमत टाकणारा माणूस उतरत्या बाजूंच्या शेततळ्याच्या जागी उभ्या भिंतींचा हौद बांधतो आणि त्या हौदाचा दर काढतो. त्याला विचारलेलं असतं या क्षणाचं, तो सांगतो आतापर्यंतच्या सरासरीवरचं. शेततळं भरत जातं तशी ही तफावत वाढते. काठोकाठ येताना खरा दर ३६ भागिले ९००, म्हणजे तासाला ४ सेंटीमीटर. पत्रिकेच्या पद्धतीने ३६ भागिले ७३२, म्हणजे ४.९२ येतात. जवळजवळ पाव हिश्श्याची चूक, आणि तरीही आकडा दिसायला सभ्य.

सरासरी आणि क्षण यांतला हा भेद काही परदेशी पुस्तकांनी लादलेला काथ्याकूट नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाची दिवसाची गती आणि तात्कालिक गती वेगळ्या मानल्या आहेत. चंद्राची गती झपाट्याने बदलते, म्हणून त्याच्यासाठी तात्कालिक गतीच वापरावी असं तिथे सांगितलं आहे. ज्यांच्या नातवाने कोरवलेला शिलालेख चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे आहे, त्यांचाच भेद इथे चौकटीत छापून मोडला जातो, याचा मला संताप येतो.

शंकूच्या टाकीत तर चूक तिप्पट होते. त्रिज्या आधी गोठवली की घनफळाच्या सूत्रातला एक तृतीयांश तसाच उरतो आणि पातळीचा दर खऱ्याच्या तिप्पट येतो. पेपर काढणाऱ्याला ही चूक ठाऊक असते. तो ते तिप्पट उत्तर पर्यायांत ठेवतो, आणि आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणून मुलगा निर्धास्त होतो. ‘उत्तरं येतात’ या दाव्याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो. उभ्या भिंतींच्या हौदात, दंडगोलात ही युक्ती खरोखर चालते, कारण तिथे पृष्ठभाग बदलतच नाही. चार सोप्या गणितांत चाललेली युक्ती पाचव्यावर लादणं ही शिकवणीतली जुनी खोड आहे. असमानतेच्या दोन्ही बाजूंना डोळे झाकून x ने गुणण्यावरूनही आमच्याकडे असेच वाद झाले होते. तिथेही ‘आमची उत्तरं येतात’ हेच ऐकवलं जायचं, आणि x ऋण निघाला की उत्तर उलटं व्हायचं.

आता माझं म्हणणं. प्रत्येक दिलेल्या आकड्याला एकच प्रश्न विचारा: एका मिनिटानंतर हा आकडा हाच राहील का? शिडीची लांबी ५, तळाची बाजू २४, पंपाचे तासाला ३६ घनमीटर हे राहतील. ते सुरुवातीलाच खुशाल टाका. पायाचं ३ मीटर अंतर, पाण्याची १ मीटर खोली, पृष्ठभागाची २६ मीटर बाजू हे राहणार नाहीत. त्यांच्या जागी अक्षर ठेवा. s = 24 + 2h यासारखं नातं अवकलनाआधी वापरायला हरकत नाही, कारण ते कायम खरं असतं. त्याने एक अक्षर कमी होतं, पण बदल हरवत नाही.

सरावपत्रिकेची मांडणीही तशीच हवी. प्रश्नात ‘खोली १ मीटर असताना’ हे शब्द छापूच नयेत. आकृती, नातं आणि वेळेनुसार केलेलं अवकलन एवढं आधी लिहून घ्यावं. क्षणाच्या किमती पानाच्या मागच्या बाजूला द्याव्यात, आणि एक न देता तीन द्याव्यात: तळाशी, १ मीटरवर, काठाशी. ज्याने नातं जपलं त्याला एकाच सूत्रातून ६.२५, ५.३३ आणि ४ सेंटीमीटर मिळतात. ज्याने आकडा आधी टाकला त्याला दर वेळी गणित पहिल्यापासून करावं लागतं.

यातच वेळेच्या तक्रारीचं उत्तर आहे. नातं नीट मांडलं की कळतं, भरणाऱ्या कोणत्याही भांड्यात पातळीचा दर म्हणजे येणारं पाणी भागिले त्या क्षणीचा पृष्ठभाग. शेततळं असो की शंकू, सीईटीत हा एक भागाकार वीस सेकंदांत होतो. जो वेळ वाचवायचा म्हणून चौकट छापली, तो वेळ बरोबर पद्धतीनेच जास्त वाचतो. तेव्हा पुढच्या आवृत्तीत ती चौकट काढून टाकावी आणि तिच्या जागी एकच ओळ छापावी: बदलणाऱ्या राशींच्या किमती अवकलन झाल्यावरच टाकाव्यात.