टोलची मुदत वर्षांत नको, रुपयांत मोजा

नाशिकहून मुंबईला जाणाऱ्या प्रत्येकाला घोटीचा टोल नाका ठाऊक आहे. गोंदे ते वडपे या सुमारे १०० किलोमीटरच्या चौपदरी रस्त्याचा करार २००५ साली झाला आणि कंपनीला २० वर्षांची मुदत मिळाली. ती २०२६च्या सुमारास भरते. मुदत संपली की टोलचा दर ४० टक्क्यांवर आणावा, अशी तरतूद २००८च्या नियमांत होती. २०२३च्या दुरुस्तीने ती गेली आणि मुदतीनंतरही पूर्ण दराने वसुलीची वाट मोकळी झाली. टोल राहणारच असेल, तर तो वसूल करण्याचा हक्क पुढे कोणाला, किती काळासाठी आणि कोणत्या किमतीला मिळणार, हे नाशिककरांनी आत्ताच विचारले पाहिजे. त्यासाठी हिशेब कसा मांडायचा, ते इथे मुद्द्यांनी मांडतो.

१. वसुलीची नुसती बेरीज फसवी असते.
‘कंपनीने इतके कोटी दिले आणि तितके कोटी वसूल केले’ ही तुलना सभांमध्ये नेहमी होते. ती अपुरी आहे. पंधराव्या वर्षी हाती येणाऱ्या रुपयाची आजची किंमत रुपयापेक्षा बरीच कमी असते. म्हणून दरवर्षीच्या निव्वळ उत्पन्नाला, म्हणजे टोलमधून देखभाल व वसुलीचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला, वटाव दराने आजच्या मूल्यात आणतात. या मूल्यांच्या बेरजेतून सुरुवातीला गुंतवलेली रक्कम वजा केली की निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजेच एनपीव्ही, मिळते. ते शून्य आले तर कंपनीला वटाव दराइतकाच परतावा मिळाला. शून्याच्या वर जे येईल, तो त्याहून जास्तीचा नफा.

२. दरवाढ आणि वाहनवाढ यांचा गुणाकार होतो.
मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दर तीन वर्षांनी १८ टक्के दरवाढ आधीच ठरलेली होती. मोटारीचा टोल २०१४ साली १९५ रुपये होता. तो २०१७ मध्ये २३०, २०२० मध्ये २७० आणि २०२३ मध्ये ३२० रुपये झाला.

समजा, एखाद्या रस्त्यावर हीच दरवाढ आहे, पहिल्या वर्षाचे निव्वळ उत्पन्न १०० कोटी आहे, वाहने दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतात, मुदत १५ वर्षे आणि वटाव दर १२ टक्के आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. दरवाढ आणि वाहनवाढ मिळून उत्पन्न वर्षाला सरासरी ११ टक्क्यांनी वाढते. वटाव दर १२ टक्के असल्याने शेवटच्या वर्षांचे आजचे मूल्य फारसे घटतच नाही. पंधरा वर्षांचे मिळून वर्तमान मूल्य सुमारे १,१९० कोटी येते.

अशा रस्त्याला ‘फक्त तीन वर्षांची’ मुदतवाढ दिली, तर ती आजच्या पैशात सुमारे २१८ कोटींची भेट ठरते. प्रत्यक्ष नाक्यावर त्या तीन वर्षांत जवळपास १,५०० कोटी निव्वळ जमा होतात. म्हणून मुदतवाढीचा कोणताही प्रस्ताव वर्षांत न मांडता रुपयांत मांडायला हवा.

३. सगळा डोलारा वाहनवाढीच्या अंदाजावर उभा आहे.
त्याच उदाहरणात कंपनीने १,१९० कोटी आगाऊ भरले असे धरू. वाहने ५ टक्क्यांनी वाढली तर एनपीव्ही शून्य. ७ टक्क्यांनी वाढली तर कंपनीला सुमारे १६७ कोटींचा जादा लाभ होतो. ३ टक्क्यांनीच वाढली तर सुमारे १४२ कोटींचा खड्डा पडतो. अंदाज दोन टक्क्यांनी हलला की हिशेबाची बाजूच बदलते.

हा अंदाज कोणालाच नेमका करता येत नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि जुन्या कसारा घाटाला पर्याय मिळाला. २००५ साली करार करणाऱ्यांच्या गणितात हा रस्ता कुठून असणार?

मुंबई-पुण्याचाच दाखला घ्या. २००४ साली द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग यांचा १५ वर्षांचा टोल ९१८ कोटी आगाऊ घेऊन दिला गेला. ही रक्कम १२ टक्के चक्रवाढीने २०२० पर्यंत सुमारे ५,३०० कोटी होते. २०२० साली जेमतेम दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटींचा करार झाला. त्यातला काही भाग हप्त्यांनी देय असल्याने ही तुलना तंतोतंत नाही आणि त्यातून कोणावर आरोपही होत नाही. पण रस्त्याची खरी कमाई पहिल्या दिवशी ओळखणे किती अवघड असते, ते यातून दिसते.

४. अंदाज चुकल्यास सध्याचा उपाय एकाच बाजूला झुकलेला आहे.
राष्ट्रीय महामार्गांच्या आदर्श करारात यावर एक कलम आहे. ठरलेल्या तारखेला वाहनसंख्या लक्ष्यापेक्षा कमी भरली, तर प्रत्येक टक्क्यामागे मुदत दीड टक्क्याने वाढते. ही वाढ कमाल २० टक्के असते. वाहने जास्त भरली, तर प्रत्येक टक्क्यामागे मुदत पाऊण टक्क्यानेच घटते आणि ही घट १० टक्क्यांपुढे जात नाही. तोटा झाला तर कंपनीला पूर्ण सावरायचे आणि फायदा झाला तर प्रवाशाला निम्मेच द्यायचे, हा न्याय नव्हे.

चिलीने १९९८ साली सांतियागो-वालपारायसो रस्त्यासाठी वेगळी रीत वापरली. तिथे कंपन्यांनी टोल उत्पन्नाच्या वर्तमान मूल्यावर बोली लावली. ती रक्कम जमा झाली की करार संपतो. आपल्या उदाहरणात हीच रीत लावली, तर ७ टक्के वाढीत टोलचा हक्क १३ वर्षे आणि अडीच महिन्यांत संपेल. ३ टक्के वाढीत तो १७ वर्षे आणि साडेसात महिने चालेल. पहिल्या स्थितीत ठरीव मुदतीच्या शेवटच्या साडेएकवीस महिन्यांत कंपनीकडे जाणारे सुमारे ८७० कोटी जनतेकडे राहतील.

या रीतीलाही मर्यादा आहे. वाहने वाढवण्याचा कंपनीचा उत्साह त्यात कमी होतो. त्यामुळे खड्डे, रुग्णवाहिका, नाक्यावरच्या रांगा यांचे निकष करारात दंडासह लिहावे लागतात.

५. वटाव दर आधी जाहीर झाला पाहिजे.
आपल्या उदाहरणात वटाव दर १२ ऐवजी १५ टक्के धरला, तर त्याच टोलचे मूल्य १,१९० वरून ९७५ कोटींवर येते. सरकारने चढा दर धरला की स्वस्तात दिलेला रस्ताही कागदावर चांगला सौदा दिसतो. बोली उघडल्यावर हा दर ठरवायला वाव राहता कामा नये.

६. आमच्या मागण्या.
गोंदे-वडपे रस्त्याचा टोल पुढे कोणालाही देण्यापूर्वी महामार्ग प्राधिकरणाने आजवरची वर्षनिहाय वाहनसंख्या, वसुली आणि देखभालखर्च मराठीत प्रसिद्ध करावा. पुढील वाहनवाढीचे किमान तीन अंदाज, समृद्धीकडे वळणारी वाहने धरून, आणि प्रत्येकाचा एनपीव्ही जाहीर करावा. नवा करार ठरीव वर्षांचा न करता ठरीव वर्तमान मूल्याचा करावा आणि उरलेली रक्कम दरमहा नाक्यावरच्या फलकावर लिहावी.

फास्टॅगमुळे प्रत्येक गाडीची नोंद आता आपोआप होते, त्यामुळे माहिती नाही ही सबब उरलेली नाही. नाशिकच्या खासदार-आमदारांनी ही मागणी लेखी करावी. नागरिकांनीही माहितीच्या अधिकारात अर्ज करताना ‘टोल किती वर्षे?’ असे न विचारता ‘अजून किती रुपये बाकी?’ असे विचारावे.