ऑगस्टमधील पावसाची तूट हंगामाच्या बेरजेत न झाकता स्वतंत्र नोंदवण्याबाबत निवेदन

दि. 9 ऑक्टोबर 2023

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
रायगड, अलिबाग

विषय : म्हसळा तालुक्यातील शेतावरील मासिक पर्जन्यनोंदी व सरासरीशी तुलना

महोदय,

आम्ही म्हसळा तालुक्यातील भात व नाचणी पिकवणारे शेतकरी हे निवेदन सादर करीत आहोत. याच विषयावर तालुका पातळीवर यापूर्वी अर्ज दिले, त्यांच्या पोचपावत्या सोबत जोडल्या आहेत. प्रत्येक वेळी "आकडे तपासून कळवतो" असे सांगण्यात आले, पण काहीही कळवले गेले नाही. सप्टेंबर संपताच मात्र "हंगामाचा पाऊस सरासरीइतका आहे, तूट दिसत नाही" असे तोंडी उत्तर मिळाले. आमची हरकत या उत्तरालाच आहे.

यंदा मोसमी पाऊस कोकणात 11 जूनला पोहोचला, पण पुढे रेंगाळला आणि महिन्याच्या अखेरीस जोर धरला. राब उशिरा झाले, लावण्याही लांबल्या. जुलैत मात्र इतका कोसळला की बांध फुटले. ऑगस्टमध्ये तो गेलाच. आमच्या नोंदवहीत ऑगस्टची बेरीज त्या महिन्याच्या सरासरीच्या निम्म्यावरही जात नाही. पाऊस परतला तो सप्टेंबरमध्ये. चारही महिने एकत्र केले की जुलैचा डोंगर ऑगस्टचा खड्डा भरून काढतो आणि कागदावर सारे सपाट दिसते.

देशाच्या आकड्यांतही हेच दिसते. हवामान विभागाच्या नोंदीनुसार यंदाच्या ऑगस्टमध्ये देशात 254.9 मिमी सरासरीच्या जागी 162.7 मिमी पाऊस झाला. म्हणजे 92.2 मिमी कमी, तूट 36 टक्के. 1901 पासून इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. तरी हंगामाची बेरीज 868.6 च्या जागी 820 मिमी, म्हणजे 94 टक्के भरली आणि तूट जेमतेम 6 टक्के उरली. हीच बेरीज 31 ऑगस्टला पाहिली असती, तर तीही 10 टक्के कमी दिसली असती. जून ते ऑगस्टचे 627.2 मिमी विरुद्ध सरासरीचे 700.7 मिमी. कोणत्या तारखेला बेरीज मांडायची यावर शेतकऱ्याचे नुकसान दिसणे-न दिसणे ठरत असेल, तर ही पद्धत आम्हाला मान्य नाही.

जुलैचे पाणी ऑगस्टला का उपयोगी पडत नाही, हे शेतात उभे राहिले की कळते. एका गुंठ्यावर 1 मिमी पाऊस म्हणजे सुमारे 100 लिटर पाणी. एका दिवसात 200 मिमी पडला, तर गुंठ्यावर 20 हजार लिटर येते. खाचराने 10 सेंटिमीटर पाणी धरले, तरी निम्मे बांधावरून ओढ्याला आणि तिथून राजपुरीच्या खाडीला जाते. नोंदीत मात्र पूर्ण 200 मिमी जमा होतात. वरकस जमिनीवर तर पाणी थांबतच नाही, तिथली नाचणी-वरी पावसाचा खंड पडताच माना टाकते. खालच्या खाचरांत फुटव्याच्या काळात चिखलाला भेगा पडल्या, आणि हळवे भात पोटरीत असताना ताण बसल्याने लोंब्या नीट भरल्या नाहीत, पळिंज जास्त निघाले. सप्टेंबरच्या पावसाने हिरवे दिसू लागले, पण भरायचे राहिलेले दाणे त्याने भरले नाहीत. पाहणीला कर्मचारी सप्टेंबरमध्ये आले आणि हिरवे पाहून गेले. ऑगस्टमध्ये या, अशी विनंती आम्ही तेव्हाच केली होती. "येतो" म्हटले गेले होते.

आमच्या नोंदी शेतावरच्या साध्या पर्जन्यमापकाच्या आहेत. रोज सकाळी साडेआठला मापन होते, मापक झाडा-छपरापासून दूर मोकळ्यावर आहे. आमची वही दीर्घकालीन सरासरी काढण्याइतकी जुनी नाही, म्हणून सरासरी शासनाचीच धरली आहे. आमच्या आकड्यांवर शंका असेल, तर येऊन मापक पाहावा. डोंगरामुळे एका गावातला पाऊस शेजारच्या गावात पडत नाही, तेव्हा मंडळाचा एक आकडा सर्व गावांना लावताना शेतावरची वही निदान समोर तरी ठेवावी.

आमच्या मागण्या :

1. प्रत्येक महसूल मंडळाचा जून ते सप्टेंबरचा महिनावार पाऊस, त्याची दीर्घकालीन सरासरी, टक्केवारीतील तूट आणि प्रत्येक महिनाअखेरची एकत्रित बेरीज लेखी द्यावी. ऑगस्टच्या रोजच्या नोंदीही द्याव्यात, म्हणजे खंड किती दिवसांचा होता ते दिसेल. नुकसान ठरवताना हंगामाच्या बेरजेऐवजी हा खंड व पिकाची त्या वेळची अवस्था पाहावी. विम्याचे व मदतीचे आमचे अर्ज 'सरासरीइतका पाऊस' या कारणावर नाकारू नयेत.

2. मंडळातील पर्जन्यमापकाभोवती वाढलेली झाडी तोडावी. हे काम गेल्या वर्षीच कबूल झाले होते.

3. पर्जन्यनोंदी दरमहा ग्रामपंचायतीच्या फलकावर लावाव्यात.

भात कापणीला आले आहे. शेत मोकळे झाल्यावर पाहणीचा उपयोग नाही, म्हणून संयुक्त पाहणीची तारीख सात दिवसांत लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
शेतकरी, म्हसळा तालुका
(सह्या मागील पानावर)

सोबत : शेतावरील पर्जन्यनोंदवहीची प्रत, पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या, ऑगस्टमधील शेतांची छायाचित्रे