टक्का कमी, पण कर्ज महाग

मागच्या रविवारी आमच्या वस्तीतील एक बांधव दोन कागद घेऊन आमच्याकडे आले. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी त्यांना एक लाख रुपये वैयक्तिक कर्ज काढायचे होते. ते म्हणाले, "साहेब, एक जण 14 टक्क्यांनी देतो, दुसरा 16 टक्क्यांनी. चौदाचेच घेतो ना?" आम्ही म्हटले, "भाऊ, अजून सही करू नका. आधी कागद पाहू."

दोन्ही कर्जांची मुदत तीन वर्षे आणि व्याज शिल्लक मुद्दलावर. चौदा टक्केवाल्याचा हप्ता 3,418 रुपये, सोळावाल्याचा 3,516. इथपर्यंत पहिलाच स्वस्त दिसतो. पण त्याची प्रोसेसिंग फी 2 टक्के, म्हणजे 2,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2,360. ही रक्कम आधीच कापली जाते. हातात पडणार 97,640, व्याज मात्र पूर्ण लाखावर. दुसऱ्याची फी करासह 590 रुपये.

तीनही वर्षे हप्ते भरले, तर पहिल्याला व्याज 23,039 आणि फी 2,360, मिळून 25,399 रुपये जातात. दुसऱ्याला व्याज 26,565 आणि फी 590, मिळून 27,155. म्हणजे पहिले कर्ज स्वस्त, पण फरक अवघा 1,756 रुपयांचा.

मग आम्ही त्यांना विचारले, "हे कर्ज तुम्ही तीन वर्षे ठेवणार का?" ते म्हणाले, "छे! वर्षाने घरच्यांची 75 हजारांची भिशी लागते. त्यात सगळे मिटवून टाकणार." इथेच हिशेब उलटतो.

पहिल्या कर्जाच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिले होते की, मुदतीआधी कर्ज फेडल्यास शिल्लक मुद्दलावर 4 टक्के आकार व त्यावर कर. आता वर्षभरात बारा हप्त्यांचे सुमारे 41 हजार भरले, तरी मुद्दल 28,816 रुपयेच फिटते, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. राहिलेल्या 71,184 रुपयांवर 4 टक्के म्हणजे 2,847, आणि कर धरून सुमारे 3,360 रुपये. त्यात वर्षाचे व्याज 12,197 आणि फी 2,360 मिळवा. एकूण 17,917 रुपये.

दुसऱ्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा आकारच नाही. वर्षाचे व्याज 13,992 आणि फी 590, एकूण 14,582. म्हणजे सोळा टक्क्यांचे कर्ज 3,335 रुपयांनी स्वस्त पडले. वर्षाने मिटवायचे झाल्यास चौदावाल्याचा खरा दर साडेवीस टक्क्यांच्या घरात जातो आणि सोळावाल्याचा पावणेसतराच्या आसपास राहतो.

हा हिशेब करायला लागणारा कागद मागणे आपला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक नव्या वैयक्तिक कर्जासाठी बँकेने व फायनान्स कंपनीने कर्जदाराला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावेच लागते, आणि तेही त्याला समजेल अशा भाषेत. त्यावर 'एपीआर' नावाचा वार्षिक दर असतो. त्यात व्याजाबरोबर प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत गळ्यात मारलेला विम्याचा हप्ताही धरलेला असतो. दोन कर्जांची तुलना साध्या व्याजदरावरून न करता या दरावरून करावी. आपल्या उदाहरणात पहिल्याचा एपीआर सुमारे 15.7 आणि दुसऱ्याचा 16.4 येतो.

मात्र एपीआरमध्ये मुदतपूर्व फेडीचा आकार धरलेला नसतो. तो त्याच कागदावर प्रसंगी लागणाऱ्या आकारांत वेगळा लिहिलेला असतो. तो शोधून काढावा. किती हप्त्यांपर्यंत कर्ज बंदच करता येत नाही, हेही विचारून घ्यावे. 1 जानेवारी 2026 पासून मंजूर झालेल्या बदलत्या दराच्या घरगुती कर्जांवर असा आकार घेता येत नाही. पण वैयक्तिक कर्जे बहुधा स्थिर दराची असतात, तिथे तो लागू शकतो. एजंट "आजच सही करा" म्हणाला, तर घाबरू नये. हा कागद हाती आल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात.

त्या बांधवांनी सोळा टक्क्यांचा कागद खिशात घातला. जाताना म्हणाले, "साहेब, भिशी लागली नाही तर?" आम्ही म्हटले, "तर तीन वर्षांत 1,756 रुपये जास्त जातील. लागली तर 3,335 वाचतील." ते थोडा वेळ थांबले, आणि भिशीचा क्रमांक पुन्हा एकदा विचारून घेण्यासाठी घरी गेले.