पांढऱ्या मांजराच्या कानावरची खपली

मी माणसांचा डॉक्टर. तरीही बाह्यरुग्ण विभागात तपासून झाल्यावर मोबाइल पुढे करून ‘डॉक्टर, आमच्या मांजराच्या कानाला काय लावू?’ असे विचारणारे बरेच भेटतात. फोटोतले मांजर पांढरे असेल आणि कानाच्या कडेला खपली असेल, तर माझे उत्तर ठरलेले आहे: घरातली कोणतीही ट्यूब लावू नका, पशुवैद्याकडे न्या. हे उत्तर टाळाटाळीचे वाटते, म्हणून त्यामागचे कारण सविस्तर सांगतो.

पांढऱ्या मांजराच्या कातडीत मेलॅनिन हे रंगद्रव्य जवळजवळ नसते. अंगावर दाट केस असल्याने ते निभावून जाते, पण कानांची टोके, नाकाचा शेंडा आणि पापण्यांच्या कडा इथे केस विरळ असतात. उन्हातले अतिनील किरण तिथे थेट पोहोचतात आणि पेशींच्या डीएनएला इजा करतात. ही इजा वर्षानुवर्षे साठत जाते. सयामी मांजराचे कान आणि नाक गडद असल्याने त्याला हा धोका खूप कमी. माणसांतही असेच आहे. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या व्यक्तींना याच प्रकारचा त्वचेचा कर्करोग तरुणपणीच होऊ शकतो.

एका ओळखीच्या कुटुंबातल्या मांजरीचे उदाहरण बोलके आहे. पूर्ण पांढरी, वय दहा वर्षे, रोज दुपारी गच्चीच्या कठड्यावर झोपायची. एका उन्हाळ्यात कानांच्या कडा गुलाबी झाल्या आणि तिथले केस गेले. पावसाळ्यात लाली उतरली, घरचे विसरले. पुढच्या उन्हाळ्यात कडेला कोंड्यासारखे पापुद्रे आले आणि डाव्या कानाची कड आतल्या बाजूला किंचित वळली. मग बारीक खपली धरली. ती पडली की टिपूसभर रक्त, आणि आठवड्यात पुन्हा खपली. ‘बोक्याशी भांडली असेल’ असे म्हणत तीन महिने गेले. पशुवैद्यांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. अहवाल आला: स्क्वामस सेल कार्सिनोमा.

यातली लाली आणि पापुद्रे ही कर्करोगापूर्वीची अवस्था, ॲक्टिनिक केराटोसिस. खरी संधी तेव्हाच असते. भांडणातला ओरखडा साधारण दोन आठवड्यांत भरून येतो. त्याच जागी पुन्हा पुन्हा धरणारी, तीन आठवड्यांनंतरही न भरणारी खपली ही जखम समजू नये. नाकावर ती अनेकदा नुसत्या काळपट ठिपक्यासारखी दिसते आणि ‘काहीतरी चिकटलंय’ म्हणून पुसली जाते.

अर्थात प्रत्येक खपली कर्करोगाची नसते. खरूजही कानाच्या कडेपासूनच सुरू होते, पण त्यात मांजर सतत खाजवत असते. नायटा असतो, डासांच्या चाव्यांची ॲलर्जी असते, नाकावर बुरशीजन्य व्रणही होतात. नुसत्या डोळ्यांनी ठामपणे सांगता येत नाही, म्हणून बायोप्सी. आपल्याकडे ‘आधी मलम लावून पाहू’ ही सवय फार खोल आहे. औषधाच्या दुकानातल्या स्टेरॉइडच्या ट्यूबने लाली काही दिवस कमी दिसते, आत चाललेले थांबत नाही आणि वेळ मात्र जातो. शिवाय मांजर लावलेले सगळे चाटते.

त्या मांजरीच्या कानाचा रोगट भाग भोवतालच्या निरोगी कातडीसह काढला. कान आखूड दिसतो, ऐकू पूर्वीसारखेच येते. हा कर्करोग सहसा दूर पसरायला वेळ घेतो, पण जागच्या जागी खोल पोखरत जातो. म्हणून कानावर लवकर सापडला तर शस्त्रक्रियेने बहुधा निभावते. नाकावर मात्र कापायला फारशी जागा नसते. अगदी वरवरचा डाग असेल तर गोठवून काढता येतो. तो खोल गेला की उपचार अवघड होतात.

दुपारी दहा ते चार मांजराला गच्चीवर, कठड्यावर जाऊ देऊ नये, आणि हे फक्त मे महिन्यापुरते नाही. डिसेंबरातले ऊन आपल्याला कोवळे वाटते, पण आपल्या अक्षांशावर दुपारचे अतिनील किरण तेव्हाही पुरेसे तीव्र असतात. खिडकीची काच यातले सर्वांत घातक किरण बरेचसे अडवते, सगळे नाही. माणसांचे सनस्क्रीन लावू नये. त्यातले झिंक ऑक्साइड आणि सॅलिसिलेट गटातली रसायने चाटून पोटात गेली तर मांजराला विषबाधा होऊ शकते. मांजरासाठी सुरक्षित असे काही लावायचेच असेल तर ते पशुवैद्यांनाच विचारावे. त्या मांजरीच्या उजव्या कानाची कडही गुलाबीच आहे. घरचे आता महिन्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात त्याचा फोटो काढून मागच्या फोटोशी ताडून पाहतात.