‘ते’ला ‘ते’ जोडू नका!

परवा जळगाव जामोदहून मावसबहिणीचा फोन आला. लग्न दोन आठवड्यांवर आलेलं. “ताई, उखाना केला मी. पाय ना कसा वाटते!” आणि तिने ऐकवला:

‘सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशी फुलते,
अमुकरावांचं नाव घेताना मी लाजते.’

कपाशी झकास, सातपुडा त्याहून झकास. पण यमक? नुसतं ‘ते’ला ‘ते’! मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे ‘ते’, ‘तो’, ‘ला’ फुकटात मिळतात. मग खाते, झोपते, भांडते, काहीही चालतं. आणि ऐकणाऱ्याला दुसरी ओळ संपायच्या आधीच शेवट कळलेला असतो.

यावर टेस्ट एकदम सोपी आहे. प्रत्यय झाका आणि उरलेलं म्हणून बघा. ‘फुल’ आणि ‘लाज’ जुळतात? नाही. ‘फुलते’ आणि ‘झुलते’ घेतलं तर ‘फुल-झुल’ उरतं, म्हणजे पास. विभक्तीलाही हाच नियम. ‘घरात-मनात’ नापास, ‘वनात-मनात’ पास. ‘घरात-दारात’ मात्र फसवं आहे. ‘र’ जुळतो, पण त्याच्या आधी एकीकडे ‘अ’, दुसरीकडे ‘आ’.

या आधीच्या स्वराला गझलेत ‘अलामत’ म्हणतात. आपल्या शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट यांनी ‘गझलेची बाराखडी’त नवख्या कवींसाठी हे नियम मांडून ठेवलेत. आणि नुसत्या प्रत्ययावर उभ्या असलेल्या यमकाला उर्दूवाल्यांनी दोष ठरवून नावही दिलंय: ‘ईता’.

फक्त एक घोळ टाळा. ‘वनात आहे, मनात आहे’ यात ‘आहे’ हे यमक नाहीच. ते दर वेळी तसंच येणारं शेपूट, म्हणजे रदीफ. यमक त्याच्या आधी शोधायचं.

आता बहिणीचा उखाणा. ‘झुलते’ घालून काम भागलं असतं, पण लाजण्याचं काय करायचं? म्हणून क्रियापद शेवटून उचललं आणि आत ढकललं. शेवटची जागा नामाला मोकळी झाली. ती लग्नानंतर पुण्याला जाणार, म्हणून ‘घरात’ हा शब्द हवाच होता. त्याला जोडी शोधायची ती प्रत्यय नसलेली. परात? वऱ्हाडात नको. वरात!

‘सातपुडा डोळ्यांत साठवून निघाली वरात,
अमुकरावांचं नाव घेते पुण्याच्या घरात.’

‘घरात’मधला ‘त’ विभक्तीचा, ‘वरात’मधला शब्दाचा स्वतःचा. कानाला ‘अरात’ अख्खं जुळतं, पण दुसरा शब्द आधी ओळखता येत नाही. मजा तिथेच आहे.

ओवीत किंवा चालीवरच्या गाण्यात ‘ते-ते’ खपून जातं, कारण सूर सांभाळून घेतो. उखाणा मात्र कोरडा म्हणायचा असतो, तोही शंभर पाहुण्यांसमोर.

बहिणीने ऐकलं, दोन सेकंद गप्प बसली. मग म्हणाली, “ताई, आता लाजाची गरजच नाही. रडूच येते.”