हिशेब म्हणजे अविश्वास नव्हे

संपादक महोदय,

'वर्गमित्रांकडे वर्गणीचा हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे' हे मागील अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. हिशेब मागायची वेळच येऊ नये, असे आवाहन लिहिता येते.

समजा, माजी विद्यार्थ्यांना शाळेच्या प्रयोगशाळेचे गळके पत्रे बदलायचे आहेत. 'शाळेसाठी सढळ हाताने मदत करा' एवढ्याने भागत नाही. पत्रे, मजुरी, वाहतूक धरून कोटेशन १ लाख ८० हजारांचे, म्हणून उद्दिष्टही तेवढेच, असे लिहावे. पैसे उरले किंवा कमी पडले तर काय, हेही आधीच सांगावे. वाद तिथेच होतात.

रक्कम एखाद्या मित्राच्या खात्यात घेतली, तर ती त्याच्या घरखर्चात मिसळते आणि देणगीदाराला आयकर सवलत मिळत नाही. सवलतपात्र नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट भरली, तर रीतसर पावती मिळते. मात्र ही सवलत जुन्या करप्रणालीतच आहे आणि २,००० रुपयांवरील रोख देणगीला ती नाही.

काम संपताच जमाखर्च व बिलांच्या प्रती सर्वांना पाठवाव्यात. देणाऱ्यांची नावे द्यावीत, रकमा नकोत. म्हणजे शंभर रुपये देणाराही संकोचत नाही.

— एक वाचक, सातारा