गोळी घेतली की राहिली?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या डेव्हिड वॅग्नर नावाच्या अभियंत्याला १९६०च्या दशकाच्या प्रारंभी एका घरगुती प्रश्नाने सतावले होते. पत्नीने संततिनियमनाची त्या दिवसाची गोळी घेतली आहे की नाही, हे दोघांनाही खात्रीने सांगता येत नसे. बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या त्याबाबत काहीच बोलत नसत. वॅग्नरने वारांची नावे असलेली चकतीसारखी डबी तयार केली, १९६२ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६४ साली ते त्याला मिळाले. भारतातही कुष्ठरोगाच्या बहुविध उपचाराच्या गोळ्या २८ दिवसांच्या ब्लिस्टर पॅकमध्ये मिळत आल्या आहेत. ज्या दिवसाची गोळी, त्या दिवसाचा फुगा. फुगा फुटला म्हणजे गोळी पोटात गेली. औषधाचे वेष्टन हीच औषध घेतल्याची नोंद, हा त्यामागचा विचार होय.

परंतु ही सोय एका रोगाच्या औषधापुरती असते. आपल्याकडील वृद्धांचे दुखणे मात्र असे एकेरी राहिलेले नाही. सांगलीतील ७१ वर्षांच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकाबाईंचे उदाहरण कल्पावे. पायांच्या जळजळीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. मनाच्या अस्वस्थतेसाठी एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम यांची एकत्रित गोळी. अंगाच्या खाजेसाठी लेव्होसेटिरिझिन ५ मिलिग्रॅम. शिवाय कोलेस्टेरॉलची एक. चार गोळ्या, तीन डॉक्टर. यांपैकी पहिल्या तिन्ही कमीअधिक प्रमाणात गुंगी आणणाऱ्या आहेत. मात्र खाजेच्या गोळीला कोणी झोपेची गोळी म्हणत नाही आणि जळजळीच्या गोळीलाही नाही.

तरीही झोप लागत नाही, अशी बाईंची तक्रार फॅमिली डॉक्टरांच्या कानावर जाते आणि ते क्लोनाझेपाम ०.५ लिहून देतात. ही गोळी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या नावाची. एकत्रित गोळीत तेच द्रव्य आधीच आहे, हे स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरांत छापलेले असते. पण मुलाने आणलेले तुकडे दुकानदाराने दहा दिवसांच्या हिशेबाने कात्रीने कापून दिलेले असतात, आणि छापील मजकुराचा नेमका तोच भाग दुकानात राहिलेल्या तुकड्यावर असतो. काही निवडक औषधांच्या वेष्टनांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड छापणे सक्तीचे झाले, ही गोष्ट स्वागतार्हच. परंतु कात्रीपुढे त्याचेही काही चालत नाही. अशा रीतीने क्लोनाझेपामची मात्रा ०.५ वरून १ मिलिग्रॅम होते आणि घरातल्या कोणालाही त्याचा पत्ता लागत नाही.

रविवारी सूनबाई सात कप्प्यांची प्लास्टिकची डबी भरते. आता घोटाळ्याला वाव उरला नाही, असे सर्वांना वाटते. वस्तुतः डबी भरताना गोळ्या स्ट्रिपमधून बाहेर पडतात आणि त्यांची नावे कचऱ्यात जातात. उरतात त्या चारपाच पांढऱ्या-गुलाबी टिकल्या. डबीच्या झाकणांवर बहुधा इंग्रजी आद्याक्षरे असतात. त्यांत मंगळवार आणि गुरुवार यांना एकच ‘टी’, शनिवार आणि रविवार यांना एकच ‘एस’. चष्मा काढून ठेवलेल्या माणसाने अर्धवट झोपेत हा फरक कसा ओळखावा?

बुधवारी रात्री साडेनऊला बाई गोळ्या घेतात. दूरदर्शनसमोर खुर्चीतच त्यांचा डोळा लागतो. सव्वाबाराला जाग येते, तेव्हा गोळ्या घेतल्याची आठवण राहिलेली नसते. हा केवळ वयाचा दोष नव्हे. क्लोनाझेपाम ज्या गटातले आहे, त्या गटातील औषधे गोळी घेतल्यानंतरच्या काही तासांची स्मृती पुसट करतात. म्हणजे साक्षीदाराला झोपवण्याचे काम आरोपीच करतो! बाई डबीकडे वळतात. मध्यरात्र उलटल्यामुळे भिंतीवरच्या घड्याळात गुरुवार लागलेला असतो आणि गुरुवारचा कप्पा भरलेला असतो. कप्पा भरलेला, अर्थात गोळी राहिलेली, असा त्या निष्कर्ष काढतात. डबीने दिलेला पुरावा खोटा नव्हता; तो वाचण्यासाठी आज कोणता वार आहे हे ठाऊक असावे लागते, आणि रात्रीच्या गोळीचा वार मध्यरात्रीनंतर बदलत नाही, हे डबीवर कोठेच लिहिलेले नसते.

आता हिशेब मांडावा. मूळ ठरलेले क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम, पोटात गेले २. अमिट्रिप्टिलिन २० आणि लेव्होसेटिरिझिन १०. क्लोनाझेपामचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास साधारणपणे ३० ते ४० तास लागतात. म्हणजे दुसऱ्या रात्री त्याच वेळी सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास शिल्लक असते, आणि त्यावर पुन्हा नेहमीच्या गोळ्यांची भर पडते. सकाळी बाईंची जीभ जड होते, बोलणे अडखळते, चालताना तोल जातो. घरचे ‘वय झाले’ म्हणतात, किंवा अर्धांगवायूच्या शंकेने घाबरतात. अर्धांगवायू तपासणीनेच नाकारता येतो, म्हणून डॉक्टरांकडे न्यावेच. परंतु जाताना डबी, सगळ्या स्ट्रिपा आणि कापलेले तुकडेही बरोबर न्यावेत. हाक मारून व हलवूनही माणूस जागा होत नसेल, श्वास मंद किंवा घोरल्यासारखा अडखळत असेल, तर सकाळची वाट पाहू नये. घरात ट्रामाडॉलसारखे वेदनाशामकही चालू असेल, तर धोका आणखी गंभीर समजावा.

डबी टाकून द्यावी, असा याचा अर्थ नाही. मात्र गुंगीच्या गोळ्या तिच्यात न टाकता मूळ स्ट्रिपमध्येच ठेवाव्यात, प्रत्येक फुग्यामागच्या चकचकीत कागदावर कायम शाईच्या पेनने तारीख घालावी आणि स्ट्रिप शक्यतो अखंड मागावी. गोळी त्या तारखेच्या फुग्यातूनच काढायची. रात्री उशाशी फक्त त्या रात्रीचा ऐवज असावा, बाकीचा कुलपात. घरात लहान मूल असेल तर हे अधिकच आवश्यक, कारण या डब्यांची झाकणे मुलांना सहज उघडतात. शंका आल्यास झोपेची गोळी त्या रात्री पुन्हा घेऊ नये. फिट्सच्या औषधाला हा नियम सरसकट लावता येत नाही. तेथे काय करायचे, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे. सोडियम व्हॅल्प्रोएटसारख्या काही गोळ्या दमट हवा शोषून घेतात, त्या डबीत मुळीच घालू नयेत. आणखी एक बाब सहसा लक्षात येत नाही. जो माणूस आजवर निम्म्या गोळ्या विसरत होता आणि म्हणून ज्याची मात्रा डॉक्टरांनी वाढवली, त्याला डबी मिळताच ती वाढीव मात्रा प्रथमच पुरेपूर पोटात जाते. डबी सुरू केल्याचे डॉक्टरांना म्हणूनच सांगितले पाहिजे.

प्रश्न उरतो तो हे काम कोणी करावे, हा. ऑस्ट्रेलियात रुग्णाच्या सगळ्या गोळ्या दिवस व वेळेनुसार बंद फुग्यांत भरून, वर औषधांची नावे छापून देण्याचे काम औषधविक्रेते करतात आणि त्यासाठी त्यांना सरकारी मोबदलाही मिळतो. असे पॅक भरताना दोन नावांखालचे एकच द्रव्य जाणकाराच्या नजरेस पडण्याची संधी असते. आपल्याकडे किंमत-नियंत्रणाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा ठरवून दिलेला आहे. त्यातलाही काही भाग तो गिऱ्हाईक टिकवण्यासाठी सवलत म्हणून सोडून देतो. मोजण्याला, नावे पडताळण्याला, पाकिटावर लिहिण्याला वेगळी किंमत नाही, म्हणून ती श्रमाची बाजू निमूटपणे ग्राहकाच्या घरात ढकलली गेली आहे. ग्राहक सवलतीचे दहा रुपये पाहतो. मांडीचे हाड मोडल्यावर होणाऱ्या शस्त्रक्रियेचा खर्च त्या बिलावर छापलेला नसतो. शंभर रुपयांच्या औषधांमागे पाचदहा रुपये भरणावळ देऊन नोंदणीकृत फार्मासिस्टकडून नावानिशी, तारखेनिशी पाकिटे करून घेण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या ग्राहक संघटनेने वा पेन्शनरांच्या संघाने दुकानदारांशी ठरवून सुरू करावी. निवृत्तिवेतनधारकांच्या बैठकांत महागाई भत्त्याच्या शेजारी हा विषय घ्यायला काही हरकत नाही.